व्होलॅटिलिटी स्क्यू: खालच्या स्ट्राइकचे पुट महाग का, आणि त्याने स्प्रेडची निवड कशी बदलते

स्क्यू म्हणजे काय

ऑप्शनचा प्रीमियम ठरवणाऱ्या ब्लॅक-शोल्स सूत्रात स्ट्राइक, बाजारभाव, उरलेले दिवस आणि व्याजदर या गोष्टी समोर दिसत असतात. दिसत नाही ती एकच, म्हणजे पुढच्या काळात भाव किती हेलकावे खाईल. बाजारातला प्रीमियम घेऊन सूत्र उलटे सोडवले की या हेलकाव्याचा आकडा हाती येतो. त्यालाच इम्प्लाइड व्होलॅटिलिटी किंवा बोलीभाषेत आयव्ही म्हणतात. सूत्राच्या गृहीतकानुसार एका निर्देशांकाला एका मुदतीसाठी हा आकडा एकच असायला हवा, कारण निर्देशांक एकच आहे आणि त्याचे हेलकावे कोणत्या स्ट्राइकवरून पाहिले जात आहेत याच्याशी त्यांचा संबंध नाही.

प्रत्यक्षात तसे होत नाही. निफ्टी किंवा एस अँड पी ५०० यांच्या एकाच एक्स्पायरीच्या स्ट्राइक ओळीने मांडल्या, तर खालच्या स्ट्राइकची आयव्ही जास्त असते, भावाजवळ येताना ती उतरते आणि वरच्या स्ट्राइकवर बहुधा आणखी थोडी उतरते. हा उतार म्हणजे व्होलॅटिलिटी स्क्यू. भावापासून दूर खाली असलेला आउट ऑफ द मनी पुट याच उतारामुळे सूत्राच्या सरळ हिशोबापेक्षा महाग पडतो.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. एकाच स्ट्राइकचे कॉल आणि पुट फ्यूचरच्या भावाने एकमेकांशी बांधलेले असतात. त्यांच्या किमतींत तफावत पडली तर कॉल, पुट आणि फ्यूचर यांचा मेळ घालून बिनजोखमीचा नफा काढता येतो, आणि तो काढणारे बाजारात कायम हजर असतात. म्हणून एका स्ट्राइकच्या कॉल-पुटची आयव्ही जवळपास सारखीच राहते. ‘पुट महाग आहेत’ याचा नेमका अर्थ ‘खालच्या स्ट्राइक महाग आहेत’ असा आहे, आणि त्या स्ट्राइकचा इन द मनी कॉलही तेवढ्याच आयव्हीने विकला जात असतो. एखाद्या स्क्रीनवर एकाच स्ट्राइकच्या कॉलची आणि पुटची आयव्ही दोन-तीन टक्क्यांनी वेगळी दिसली, तर बहुधा गणितात फ्यूचरऐवजी स्पॉट भाव वापरलेला असतो, किंवा दोहोंपैकी एकाचा शेवटचा सौदा जुना असतो. असा फरक स्क्यू समजून त्यावर स्ट्राइक निवडणे चुकीचे ठरते.

पार्श्वभूमी: १९८७ पूर्वी आणि नंतर

फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचा लेख १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिकागो बोर्ड ऑप्शन्स एक्स्चेंज सुरू झाले. १९८७ पूर्वी अमेरिकी निर्देशांकांच्या ऑप्शनमध्ये सर्व स्ट्राइकची आयव्ही बऱ्यापैकी एकसारखी असे. बाजार सूत्राच्या गृहीतकाच्या जवळपास वागत होता.

१९ ऑक्टोबर १९८७ रोजी डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. एस अँड पी ५०० चे फ्यूचर तर त्याहून जास्त, सुमारे २९ टक्के पडले. सूत्रातल्या घंटाकृती वितरणानुसार अशी पडझड विश्वाच्या आयुष्यातही घडण्याची शक्यता नव्हती. त्या काळात अनेक पेन्शन फंड ‘पोर्टफोलिओ इन्शुरन्स’ वापरत होते. प्रत्यक्ष पुट विकत न घेता, बाजार पडेल तसे फ्यूचर विकत जायचे आणि पुटसारखे संरक्षण तयार करायचे, ही ती पद्धत. त्या दिवशी विक्रीतून विक्री वाढत गेली आणि भाव मधल्या पायऱ्या गाळून खाली उतरले. संरक्षण पुरेसे मिळाले नाही. प्रत्यक्ष पुट हातात असणे आणि पुटची नक्कल करणे यांतला फरक त्या एका दिवसाने दाखवून दिला.

त्यानंतर स्क्यू कायमचा आला. मार्क रुबिनस्टाइन यांनी १९९४ च्या आपल्या लेखात हा बदल नोंदवला आणि त्याला बाजाराच्या मनात बसलेले कोसळण्याचे भय असे स्वरूप दिले. पोर्टफोलिओ इन्शुरन्सच्या प्रवर्तकांपैकी ते स्वतः एक होते, म्हणून त्यांच्या निरीक्षणाला वेगळे वजन आहे. मात्र १९८७ ही एकच रेषा मानणेही अपुरे आहे. डेव्हिड बेट्स यांनी १९९१ मध्ये दाखवले की कोसळण्याच्या आधीच्या वर्षात काही महिने दूरचे पुट नेहमीपेक्षा महाग झाले होते, पण अगदी आधीच्या दोन महिन्यांत तशी भीती भावांत दिसत नव्हती. म्हणजे स्क्यू १९८७ पूर्वीही अधूनमधून उमटत होता, पण टिकून राहिला तो त्या घटनेनंतर.

भारतात राष्ट्रीय शेअर बाजारावर निफ्टीचे ऑप्शन जून २००१ मध्ये सुरू झाले, म्हणजे स्क्यू जगभर रूढ झाल्यानंतर. १७ मे २००४ रोजी निफ्टी एका दिवसात १२ टक्क्यांहून अधिक आणि २३ मार्च २०२० रोजी जवळपास १३ टक्के पडला. एका दिवसातल्या इतक्या मोठ्या पडझडीचा अनुभव या बाजाराच्याही गाठीशी आहे.

खालचे पुट महाग का: तीन स्पष्टीकरणे

पहिले स्पष्टीकरण निर्देशांकाच्या चालीकडे बोट दाखवते. शेअर बाजार पडतो तेव्हा हेलकावे वाढतात आणि चढतो तेव्हा बहुधा शांत होतात. फिशर ब्लॅक यांनी १९७६ मध्ये त्याचे एक कारण मांडले: शेअरचा भाव पडला की कंपनीच्या भांडवलात कर्जाचा वाटा वाढतो आणि उरलेला शेअर जास्त जोखमीचा होतो. एवढ्या एका कारणाने उताराची पूर्ण तीव्रता येत नाही. त्याला दुसरे कारण जोडले जाते: घबराटीत सगळे शेअर एकत्र पडतात. एरवी एकाची तेजी दुसऱ्याची मंदी झाकते आणि निर्देशांक संथ राहतो. पडझडीत ही झाकपाक संपते. सुट्या शेअरपेक्षा निर्देशांकाचा स्क्यू जास्त तीव्र का, याचे उत्तर इथे बरेचसे मिळते. हेस्टन यांचे १९९३ चे मॉडेल भाव आणि व्होलॅटिलिटी यांचे हे उलटे नाते गणितात आणते. पण एक्स्पायरी अगदी जवळ असताना सलग चालणाऱ्या भावाला दूरच्या स्ट्राइकपर्यंत पोचायला वेळच नसतो. तरीही बाजारात जवळच्या एक्स्पायरीचा स्क्यू सर्वांत तीव्र दिसतो. म्हणून मर्टन यांनी १९७६ मध्येच मांडलेली, भावाने एकदम उडी घेण्याची कल्पना त्यात मिसळावी लागते.

दुसरे स्पष्टीकरण विम्याच्या हप्त्याचे आहे. पुट विकणाऱ्याचे नुकसान नेमके त्या दिवशी होते, ज्या दिवशी त्याचे शेअर, त्याच्या ग्राहकांचे पैसे आणि बहुधा त्याची कर्ज मिळवण्याची ताकद हे सगळेच एकदम आटते. अशा वेळी गेलेला रुपया एरवीच्या रुपयापेक्षा मोलाचा असतो. म्हणून पडझडीची खरी शक्यता एक टक्का असली, तरी विकणारा दोन किंवा तीन टक्क्यांच्या हिशोबाने पैसे मागतो आणि घेणारा देतो. या मतानुसार स्क्यूमध्ये दोन थर असतात: पडझडीचा खरा अंदाज, आणि ती जोखीम पत्करण्याचा मोबदला. आयव्ही दोन्ही थर एकत्रच दाखवते.

तिसरे स्पष्टीकरण मागणी-पुरवठ्याचे. म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी संस्था यांच्याकडे शेअर असतात. त्यांना खाली संरक्षण हवे असते आणि वरच्या बाजूचे कॉल विकून थोडे उत्पन्नही हवे असते. त्यामुळे खालच्या स्ट्राइकवर घेणारे आणि वरच्या स्ट्राइकवर विकणारे जास्त राहतात. समोर असलेला मार्केट मेकर आपला साठा पूर्णपणे हेज करू शकत नाही, कारण भाव उडी घेऊ शकतो. मग तो साठ्याच्या प्रमाणात भाव वाढवतो. बोलेन आणि व्हेली यांनी २००४ मध्ये अमेरिकी आकडेवारीवरून दाखवले की खरेदीचा दाब आयव्हीचा आकार बदलतो, आणि निर्देशांकात हा दाब प्रामुख्याने पुटकडून येतो, तर सुट्या शेअरमध्ये कॉलकडून. गार्लेआनू, पेडरसन आणि पोटेशमन यांनी २००९ मध्ये या विचाराला सैद्धांतिक चौकट दिली.

ही तिन्ही मते एकमेकांना खोडून काढत नाहीत. पहिले सांगते की स्क्यू मुळात का असावा, दुसरे सांगते की तो खऱ्या शक्यतेपेक्षा जास्त का असावा, आणि तिसरे सांगते की तो आठवड्या-आठवड्याला का बदलतो. वाद आहे तो प्रत्येकाच्या वाट्याचा. स्प्रेड करणाऱ्याला हा वाद महत्त्वाचा आहे, कारण पहिले मत पूर्ण खरे असेल तर महाग पुट विकण्यात काहीच फायदा नाही. तो फक्त योग्य भावाने विकलेला विमा ठरतो.

एका ऑप्शन चेनचा हिशोब

स्क्यू स्ट्राइकच्या निवडीत कसा उतरतो हे पाहण्यासाठी निफ्टीच्या धर्तीवर एक नमुना घेता येतो. फ्यूचर २५,००० वर आहे, एक्स्पायरीला ३० दिवस आहेत आणि व्याजाचा छोटा परिणाम बाजूला ठेवला आहे. आयव्हीचे आकडे शांत बाजारात शोभतील असे धरले आहेत. शेवटच्या रकान्यात, सर्व स्ट्राइकना १३ टक्के ही एकच आयव्ही लावली असती तर प्रीमियम किती आला असता, ते दिले आहे.

| स्ट्राइक | आयव्ही | स्क्यूसह प्रीमियम | सपाट १३ टक्क्यांनी |
|---|---|---|---|
| २३,५०० पुट | १७.० टक्के | ५७ | १८ |
| २४,००० पुट | १५.५ टक्के | १०६ | ६३ |
| २४,५०० पुट | १४.२ टक्के | २०० | १७१ |
| २५,००० पुट किंवा कॉल | १३.० टक्के | ३७२ | ३७२ |
| २६,००० कॉल | ११.८ टक्के | ५३ | ७२ |

भावापासून १,००० अंक खालचा पुट १०६ ला आहे आणि १,००० अंक वरचा कॉल ५३ ला, म्हणजे नेमका निम्मा. सपाट आयव्हीने हिशोब केला असता तर उलट कॉलच थोडा महाग निघाला असता, कारण सूत्रात भाव टक्केवारीने हलतो आणि वर जायला त्याला मोकळे रान असते. २६,००० च्या कॉलच्या जवळपास भावाचा पुट शोधायचा तर २३,५०० पर्यंत खाली जावे लागते. बाजार १,५०० अंकांच्या पडझडीपलीकडच्या जोखमीला आणि १,००० अंकांच्या तेजीपलीकडच्या संधीला साधारण एकच किंमत देत आहे.

स्प्रेडमध्ये काय बदलते

स्प्रेडमध्ये एक ऑप्शन विकलेला आणि एक घेतलेला असतो. म्हणून एकट्या स्ट्राइकची आयव्ही उंच आहे की नाही, यापेक्षा दोन स्ट्राइकमधला उतार किती आहे हे निर्णायक ठरते. हा मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो.

मंदीच्या पुट स्प्रेडपासून सुरुवात करता येते. २५,००० चा पुट ३७२ ला घेतला आणि २४,००० चा १०६ ला विकला, तर निव्वळ खर्च २६६ अंक. सपाट आयव्हीने तो ३०९ आला असता. विकलेली बाजू महाग असल्यामुळे स्प्रेड स्वस्त झाला. तेजीच्या कॉल स्प्रेडमध्ये याच्या उलट होते: २५,००० चा कॉल ३७२ ला घेऊन २६,००० चा ५३ ला विकला, तर खर्च ३१९, आणि सपाट हिशोबाने ३००. दोन्ही स्प्रेड १,००० अंक रुंद आणि भावाला चिकटलेले आहेत, तरी मंदीच्या स्प्रेडमध्ये जास्तीत जास्त नफा ७३४ आणि तेजीच्या स्प्रेडमध्ये ६८१ अंकांचा. म्हणून नुसता पुट घेण्यापेक्षा खालचा पुट विकून स्प्रेड करणे स्क्यूच्या बाजारात अधिक किफायतशीर दिसते. त्याची किंमत मात्र २४,००० च्या खाली संरक्षण संपण्यात मोजावी लागते.

प्रीमियम घेणाऱ्या पुट स्प्रेडची गोष्ट याहून बारीक आहे. २४,५०० चा पुट विकून २४,००० चा घेतला तर २०० वजा १०६, म्हणजे सुमारे ९५ अंक जमा होतात. सपाट आयव्हीने साधारण १०८ जमा झाले असते. विकलेला पुट २९ अंकांनी महाग आहे खरा, पण घेतलेला पुट ४३ अंकांनी महाग आहे. स्क्यू तीव्र आहे म्हणून पुट स्प्रेड विकावा, असा सल्ला नेहमी ऐकू येतो. भावाजवळच्या स्प्रेडला तो लागू पडत नाही. तोच स्प्रेड खाली सरकवून २४,००० विकला आणि २३,५०० घेतला, तर जमा सुमारे ४८ होते आणि सपाट हिशोबाने ४५. म्हणजे स्क्यूचा लाभ विकणाऱ्याला मिळू लागतो तो बराच दूर गेल्यावर, आणि तिथेही तो तीन अंकांचा आहे. दोन्ही ऑप्शनमध्ये बिड आणि आस्क यांतले अंतर दोन-दोन अंकांचे असले तरी हा लाभ खर्चात जाऊ शकतो.

यामागचे कारण शक्यतेच्या भाषेत नीट समजते. ५०० अंकांच्या स्प्रेडला बाजाराने ९५ अंक दिले, म्हणजे एक्स्पायरीला भाव त्या पट्ट्याच्या मध्याखाली असण्याची किंमत सुमारे १९ टक्के ठरवली. पण ट्रेडिंग स्क्रीन जेव्हा ‘इन द मनी होण्याची शक्यता’ दाखवते, तेव्हा ती बहुधा प्रत्येक स्ट्राइकची स्वतःची आयव्ही सूत्रात घालून काढलेली असते. या चेनमध्ये ती २४,५०० साठी सुमारे ३२ टक्के आणि २४,००० साठी १८.५ टक्के येते. दोहोंच्या मध्ये साधारण २५ टक्के. दोन आकड्यांतली ही तफावत म्हणजे उताराचा परिणाम. स्क्यूच्या बाजारात भाव किंचित खाली येण्याची शक्यता सूत्राच्या आकड्यापेक्षा कमी असते आणि फार खाली जाण्याची शक्यता सपाट हिशोबापेक्षा जास्त. म्हणून डेल्टाला सरळ शक्यता मानून स्ट्राइक निवडणारा चुकीच्या मोजपट्टीने मोजत असतो. योग्य मोजपट्टी साधी आहे: शेजारच्या दोन स्ट्राइकच्या प्रीमियममधला फरक भागिले त्या स्ट्राइकमधले अंतर.

आयर्न काँडरमध्ये हाच प्रश्न दोन बाजूंच्या अंतराचा होतो. दोन्ही बाजूंना १,००० अंक सोडून विकले तर प्रीमियम असमान येतो आणि पोझिशन पहिल्या दिवसापासून तेजीकडे झुकते, कारण पुटचा डेल्टा सुमारे ०.१७ आणि कॉलचा ०.१३ असतो. दोन्ही डेल्टा समान करायचे तर पुट खाली सरकवावा लागतो आणि संपूर्ण रचना भावाच्या खाली कलते. यातली एक पद्धत बरोबर आणि दुसरी चूक असे नाही. समान अंतर की समान डेल्टा, ही निवड स्वतःच बाजाराविषयीचे मत असते, एवढे ध्यानात ठेवावे लागते.

फुकट दिसणारा रेशो स्प्रेड

स्क्यूचा सर्वांत मोठा मोह रेशो स्प्रेडमध्ये आहे. २४,५०० चा एक पुट २०० ला घेतला आणि २४,००० चे दोन पुट विकले, तर उलट ११-१२ अंक हातात येतात. सपाट आयव्हीने याच रचनेला ४४ अंक मोजावे लागले असते. एक्स्पायरीच्या आलेखावर चित्र आकर्षक दिसते: निफ्टी २४,५०० च्या वर राहिला तर जमा रक्कम राखता येते, २४,००० वर थांबला तर ५०० हून अधिक अंकांचा नफा, आणि तोटा सुरू होतो तो सुमारे २३,४९० च्या खाली.

४ जून २०२४ रोजी, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी ५.९३ टक्के पडून २१,८८४ वर बंद झाला. तेवढीच पडझड या नमुन्यात दुसऱ्या दिवशी आली असे धरले, तर फ्यूचर २३,५२० च्या आसपास येते, म्हणजे आलेखानुसार अजून नफ्याच्या हद्दीत. पण एक्स्पायरीला २९ दिवस बाकी आहेत आणि आयव्ही वाढलेली आहे. ती सर्व स्ट्राइकवर २२ टक्के धरली, तर २४,५०० चा पुट सुमारे १,२०८ आणि २४,००० चा सुमारे ८५९ होतो. एक घेतलेला आणि दोन विकलेले यांचा हिशोब केला की पोझिशन जवळपास ५०० अंक तोट्यात असते, आणि त्याच वेळी दलाल वाढीव मार्जिन मागत असतो. ५ जून २०२४ ला निफ्टी तीन टक्क्यांहून अधिक सावरला, पण मार्जिनअभावी आदल्या दिवशी पोझिशन सोडावी लागलेल्याला त्याचा उपयोग नसतो. एक्स्पायरीचा आलेख हा तोटा दाखवत नाही; तो पाहण्यासाठी भाव आणि आयव्ही दोन्ही एकदम हलवून किंमत काढावी लागते.

त्याच रचनेला २३,५०० चा पुट ५७ ला घेऊन बटरफ्लाय केले, तर खर्च सुमारे ४७ अंक येतो आणि तोटा तेवढ्यावर थांबतो. सपाट आयव्हीने हाच बटरफ्लाय ६२ चा पडला असता. दूरचा पुट सपाट हिशोबाच्या तिप्पट भावाने घेऊनही पूर्ण रचना स्वस्त राहते, कारण मधले दोन विकलेले पुट त्याची भरपाई करतात.

स्क्यू स्थिर नसतो

वरचा हिशोब एका क्षणाचा आहे. भाव हलल्यावर स्क्यूचे काय होते, यावर इमॅन्युएल डर्मन यांनी १९९९ मध्ये बाजाराच्या निरनिराळ्या अवस्था मांडल्या. एका अवस्थेत प्रत्येक स्ट्राइकची आयव्ही जागच्या जागी राहते. निर्देशांक २४,५०० वर आला की १४.२ टक्के हीच भावाजवळची आयव्ही होते. एकाही ऑप्शनची आयव्ही न वाढता बाजार जास्त अस्थिर झाल्यासारखा दिसतो. दुसऱ्या अवस्थेत पूर्ण वक्र भावाबरोबर सरकतो आणि २४,५०० ची आयव्ही १३ वर येते. तिसऱ्या अवस्थेत, जी घबराटीत दिसते, प्रत्येक स्ट्राइकची आयव्ही भाव पडताना वर जाते. एकच पुट स्प्रेड या तीन अवस्थांत वेगळ्या वेगाने हलतो, त्यामुळे स्क्रीनवरचा डेल्टा तिन्हींत बरोबर असू शकत नाही.

मुदतीनुसारही फरक पडतो. अंकांच्या समान अंतरावर मोजले तर साप्ताहिक एक्स्पायरीचा स्क्यू मासिकाहून बराच तीव्र दिसतो. म्हणून दोन मुदतींची तुलना समान डेल्टाच्या पुट आणि कॉलच्या आयव्हीतल्या फरकाने करणे रास्त असते. भारतीय बाजारात आणखी एक स्थानिक घटक सांगितला जातो: विकलेल्या ऑप्शनचे मार्जिन कमी व्हावे म्हणून अनेक जण अगदी दूरचे, दोन-पाच रुपयांचे ऑप्शन घेतात, आणि या खरेदीने टोकाच्या स्ट्राइकची आयव्ही फुगते. तिथली आयव्ही पडझडीच्या भीतीचे माप म्हणून वाचू नये. दोन रुपयांच्या ऑप्शनमध्ये पाच-दहा पैशांच्या फरकानेही आयव्हीचा आकडा हलतो.

अनिर्णित प्रश्न

पहिला खुला प्रश्न असा की दूरचे पुट खरेच अवाजवी महाग आहेत का. १९८७ नंतरच्या अमेरिकी आकडेवारीत ते विकणाऱ्यांना सरासरीने मोठा परतावा मिळालेला दिसतो. पण ब्रॉडी, चेर्नोव्ह आणि योहान्स यांनी २००९ मध्ये दाखवले की अशा पुटचा परतावा इतका असमान असतो की काही दशकांच्या नोंदींवरून, तो जोखमीच्या मानाने जास्त होता, असे संख्याशास्त्राच्या आधारे ठामपणे म्हणता येत नाही. दोन मोठ्या पडझडींच्या मधल्या शांत काळावरून काढलेली सरासरी पुढच्या पडझडीविषयी फारसे सांगत नाही. भारतातल्या नोंदी तर याहून लहान आहेत.

दुसरा प्रश्न मागणी आणि जोखमीचा मोबदला वेगळे काढण्याचा आहे. खरेदीचा दाब आणि भीती सहसा एकाच वेळी वाढतात, त्यामुळे नुसत्या भावांवरून त्यांची फोड होत नाही. कोणी किती घेतले याची नोंद लागते. तिसरा प्रश्न निर्देशांकाबाहेरचा आहे. काही वस्तूंच्या बाजारात, जिथे टंचाईची भीती मोठी असते, उतार उलट असतो आणि वरचे कॉल महाग पडतात. ‘खालचे पुट महाग’ हा सर्वच बाजारांचा नियम नाही. ज्या दिशेने बाजाराला दुखापत होऊ शकते त्या दिशेचा तो भाव आहे.

स्ट्राइक निवडण्यापुरते मात्र या प्रश्नांच्या उत्तरांची वाट पाहावी लागत नाही. स्क्यू योग्य असो वा अतिरेकी, त्याने मंदीचा पुट स्प्रेड आणि बटरफ्लाय स्वस्त होतात, तेजीचा कॉल स्प्रेड महाग होतो, भावाजवळच्या पुट स्प्रेडची जमा घटते, आणि रेशो स्प्रेडचा खर्च नाहीसा होऊन त्याची जोखीम तेवढी उरते. हे चारही परिणाम दोन स्ट्राइकमधल्या उतारातून येतात आणि बाजारातल्या प्रीमियमवरून थेट मोजता येतात. मत बनवावे लागते ते फक्त एका बाबतीत: बाजाराने दिलेला मोबदला येणाऱ्या पडझडीला पुरेल की नाही.